टेपखालची तार

ज्ञानेश्वरीचं काम वायरी तपासण्याचं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार करणारा एक कारखाना आहे, तिथं ती अकरा वर्षांपासून होती. पहिली सहा वर्षं तिनं वायरीच्या टोकांना पितळी टर्मिनल दाबून बसवले. मग साहेबांच्या लक्षात आलं, की हिच्या हातून खोट सुटत नाही. तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. वायर बोटांमधून सरकवली की तिला कळायचं, आत एखादी तार तुटलीय का, सोलताना पातं जरा जास्त खोल गेलंय का. अशी वायर ती शेजारच्या लाल पेटीत टाकायची. नव्या पोरी कुरकुरायच्या, "ताई, एकच तर तार गेलीय. बाकीच्या आहेत की." त्यावर ती हातातलं काम न थांबवता सांगायची, "बाकीच्यांवर तिचा भार पडतो. तिथंच तापतं, तिथंच तुटतं. टाक पेटीत."

घर माळवाडीला, कारखान्यापासून चौदा किलोमीटर. कंपनीची बस हमरस्त्यानं जायची, वस्तीपर्यंत येत नसे. तिचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याला जायचा, त्याच्या वेळा काही तिच्या शिफ्टशी जुळत नसत. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं बॅटरीवरची स्कूटर घेतली. ती आल्यापासून ज्ञानेश्वरीला कुणाची वाट बघावी लागली नाही. सकाळची पाळी असो की दुपारची, ती आपल्या वेळेला निघायची आणि आपल्या वेळेला यायची. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, "ज्ञानू आता सायबीन झाली." तिला ते मनातून आवडायचं.

स्कूटर ओट्याजवळ उभी राहायची. चार्जर लाकडी स्टुलावर ठेवायचा, त्याची वायर खिडकीतून आत नेऊन बोर्डात खोचायची. गेल्या पावसाळ्यात त्या वायरीचा तीन पिनांचा टॉप खराब झाला होता. बोर्डाचं सॉकेट सैल झालेलं, त्यामुळं एक पिन तापून तिच्याभोवतीचं प्लास्टिक काळं पडलं. सुप्यात कृपादान गायकवाड म्हणून इलेक्ट्रिशियन आहेत. साखर कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, चर्चच्या गल्लीत छोटं दुकान. त्यांनी वायर हातभर तपासली, टॉपाजवळची वीतभर कापून टाकली, आतलं तांबं लखलखीत निघालं तेव्हाच नवा टॉप बसवला. हिरवी तार अर्थिंगच्या मोठ्या पिनेला, बाकीच्या दोन आपापल्या जागी. वरचं जाड आवरण टॉपातल्या पट्टीखाली घट्ट आवळलं, म्हणजे ओढ बसली तरी ती आवरणावर बसावी, स्क्रूवर नको. सॉकेटही बदललं. त्यानंतर आठ महिने काही कुरकुर नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वायर मधोमध कापली गेली.

खिडकीला लोखंडी झडप होती. वारा सुटला की राहीबाई, म्हणजे ज्ञानेश्वरीची सासू, ती ओढून घ्यायची. वायर झडपेच्या कडेत रोजच दबत होती, आणि एका सकाळी ज्ञानेश्वरीनं वायर उचलली तर तिथं फट दिसली. वरचं काळं आवरण चिरलेलं. आतल्या तपकिरी वायरीचं कवच फाटून तांब्याच्या तारा बाहेर आल्या होत्या, त्यातल्या पाचसहा तुटून उभ्या राहिल्या होत्या.

तिनं आधी टॉप काढला. मग ती फट बोटानं वाकवून बघितली. हीच वायर टेबलावर आली असती तर तिनं दुसऱ्यांदा न बघता लाल पेटीत टाकली असती.

पण दुपारची पाळी होती. स्कूटरमध्ये जेमतेम जाण्यापुरतं चार्जिंग होतं, येण्यापुरतं नव्हतं. श्रीमंत पुण्याला. आणि त्या आठवड्यात कारखान्यात बाहेरचे लोक माल बघायला येणार होते, तिला रजा मागायची नव्हती. तिच्या पिशवीत कामावरची काळी टेप होती, संपत आलेला रोल. तिनं तपकिरी वायरीवर टेप घेतली, मग सगळ्यांवर मिळून घेतली, अर्ध्यावर अर्धा वळसा येईल अशी, एकही सुरकुती न पडू देता. अकरा वर्षांचा हात होता. टेप इतकी सुबक बसली, की ती वायरीचाच भाग वाटावी. तिनं ती जागा झडपेतून बाहेर ओट्यावर ओढून घेतली आणि वायर लावली. चार्जरचा लाल दिवा लागला.

सुट्टीच्या दिवशी नवी आणायची, असं तिनं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दिशाच्या, म्हणजे मुलीच्या, शाळेत पालकसभा निघाली. पुढच्या सुट्टीला चुलत दिराकडं साखरपुडा. आणि खरं सांगायचं तर चार्जिंग रोज होत होतं, त्यामुळं घाई मनातून उतरली होती. एका संध्याकाळी तिचा हात टेपेवर पडला, तेव्हा ती कोमट लागली. दिवसभराच्या उन्हानं ओट्याची फरशीही तापलेली होती. उन्हाचंच असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा हात लावून बघितला नाही.

टेप लावल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. पुन्हा दुपारची पाळी, म्हणून तिनं सकाळी साडेसहाला स्कूटर चार्जिंगला लावली आणि भाकरी टाकायला बसली. राहीबाईनं गाईंच्या धारा काढल्या, अंगणात सडा टाकला, आणि उरलेल्या पाण्यानं ओटा धुवायला घेतला. रोजचंच काम. दिशा आत दप्तर भरत होती.

ज्ञानेश्वरीला ओरडणं ऐकू आलं नाही. ऐकू आला तो एक घोगरा, अडकलेला आवाज, आणि बादली कलंडल्याचा. ती उठून दारात आली. राहीबाई ओल्या फरशीवर अनवाणी, वायर पाण्यातून उचलायला अर्धवट वाकलेली, उजव्या हाताची मूठ वायरीवर वळलेली. मूठ सुटत नव्हती. डोळे उघडे होते आणि ते ज्ञानेश्वरीकडंच बघत होते.

"आजी!" म्हणत दिशा पुढं धावली. ज्ञानेश्वरीनं तिला दंडाला धरून मागं फेकलं. "हात लावू नको! कुणी हात लावायचा न्हाई!" ती तशीच आत वळली, बोर्डाचं बटण बंद केलं आणि टॉप उपसून काढला. बाहेर काहीतरी कोसळल्याचा आवाज आला.

राहीबाई श्वास घेत होती. छातीत मात्र काहीतरी धडधडतंय, असं ती हातानं दाखवत होती. शेजारच्या काकासाहेबांनी जीप काढली.

सुप्याच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, ठोके चुकतायत, रात्रभर मशीनवर लक्ष ठेवावं लागेल. करंट हातातून शिरून पायावाटे गेलाय. तळव्यावर नि दोन बोटांवर भाजलंय, ते वरून दिसतं त्याहून आत खोल आहे. ज्ञानेश्वरीनं त्या बोटांकडं बघितलं. जखमेच्या कडा पांढऱ्या आणि मधे खड्डा, काळपट. राहीबाईला त्या जागी दुखतही नव्हतं, आणि तेच ज्ञानेश्वरीला जास्त भयानक वाटलं.

श्रीमंत दुपारी आला. टेम्पो तसाच बाहेर उभा, मागं रिकामे क्रेट. आल्या आल्या त्याचा आवाज चढला.

"त्या स्कूटरवाल्याला सोडत न्हाई मी. माणूस मारायची गाडी इकली त्यानं."

"गाडीचं काय न्हाई रं," राहीबाई पडल्या पडल्या म्हणाली. "खिडकी म्याच लावत हुते. वायर दाबली जायाची, मला दिसत हुतं. माझ्यामुळंच झालं."

"तुझ्यामुळं कसं, आई?"

"मंग कुनामुळं?"

ज्ञानेश्वरी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. बोलायची वेळ होती ती तेव्हाच. तिनं पाण्याची बाटली उचलली आणि भरायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ठोके सरळ झाले. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. वायर ओट्याच्या कोपऱ्यात पडली होती, तिला कुणी शिवलं नव्हतं. श्रीमंत म्हणाला, "कृपादानभाऊंला दाखव. पुना टॉप बसवून मिळंल. निम्मी कापली तरी बोर्डापत्तोर पुरंल का बघ." ज्ञानेश्वरीनं ती पिशवीत घातली आणि काकासाहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून सुप्याला गेली.

कृपादानभाऊंनी चष्मा लावला. आधी टॉप बघितला. "हा माझा. हा ठणठणीत हाय." मग वायर सरकवत टेपेपाशी आले आणि थांबले. टेपेचा चीक उन्हानं आणि आतल्या उष्णतेनं पाघळून तिचे वळसे एकमेकांवरून सरकले होते. एका बाजूला बोटभर तांबं उघडं. त्यांनी पातं घेऊन टेप उकलली. तपकिरी कवच त्या जागी कडक होऊन करपलेलं. उरलेल्या तारा काळ्या-हिरव्या.

"टेप कुनी लावली वहिनी?"

"मीच."

त्यांनी मान वर केली नाही. पातं घेऊन ते वायर आणखी वीतभर सोलत गेले. तिथंही तांबं काळंच. आणखी वीतभर. तसंच. "बगा, पानी तारांमधून आतआत चढलंय. टेप पानी अडवत न्हाई, उलट आत गेलेलं धरून ठिवती." मग त्यांनी हिरवी तार बाजूला काढली. ती पूर्ण तुटली होती, दोन्ही टोकं वेगळी. "ही दिसली हुती का तुमाला?"

ती तपकिरीच्या खाली होती. तिनं बघितलीच नव्हती.

"म्हंजी तीन आठवडे तुमच्या चार्जरच्या पत्र्याला अर्थिंग नव्हतं. आत काय बिघडलं असतं तर पत्रा धरला तरी झटका. आन् चार्जिंग चालूच. अर्थिंग तुटली म्हनून दिवा इझत न्हाई ना."

"भाऊ, ते म्हनले, कापून पुन्हा टॉप..."

"त्या वक्ताला खराबी टोकाला हुती वहिनी. बाकी वायर निरोगी, लांबी भरपूर, आतलं तांबं चांगलं, म्हनून कापून टॉप बसवला. ते काम धरतं. आता खराबी मधी हाय, दोनी बाजूला पानी गेलंय. कापत गेलो तर हातभर बी चांगली निघायची न्हाई, आन् आखूड वायर लावली की तुमी तिला जोड लावनार. मधला जोड म्हंजी पुन्हा तेच." त्यांनी चार्जरच्या बाजूचं टोक दाखवलं. "आन् ही तर नुसती खाचेत बसती, बगा. उपसली की निघाली. तसल्याच जाडीची, तीन तारांची, शिक्का असलेली नवी वायर आनायची आन् खोचायची. काम्पुटरची बारीक वायर बसंल, पन ती लावू नका, तापंल."

ज्ञानेश्वरीनं त्या खाचेकडं बघितलं. दोन वर्षं ती रोज चार्जर हाताळत होती. पाच मिनिटांचं काम होतं.

"चार्जरपासून गाडीकडं जाती ती दुसरी वायर," भाऊ म्हणाले, "ती कापली तर मात्र माझ्याकडं बी येऊ नका. तिच्या टॉपात बारीक तारा असत्यात, बॅटरीशी बोलायच्या. ती कंपनीकडंच." मग ते जरा थांबले. "एमसीबी हाय ना घरात? ती पडली न्हाई. मानसाला मारायला जेवढा करंट लागतो तेवढ्यानं ती पडत बी न्हाई, ती वायरिंग वाचवायला असती. पुढच्या रविवारी येतो, मानसाला वाचवनारं बसवून देतो. आन् खिडकीतून वायर आत न्यायचं बंद. ओट्यावर उंचावर पक्कं सॉकेट घेऊ, झाकनाचं."

ती "बरं" म्हणाली. मग विचारलं, "भाऊ, त्यांला सांगाल का तुमी? श्रीमंतांना?"

"काय सांगू?"

ती पिशवी उचलून उठली. नवी वायर घेऊन ती परत आली.

सोमवारी ती कामावर गेली. साडेदहाच्या सुमाराला टेबलावर एक वायर आली, सोललेल्या टोकाशी दोन तारा कापलेल्या. तिचा हात सवयीनं लाल पेटीकडं गेला आणि तिथंच राहिला. समोरची मुलगी म्हणाली, "ताई?" ज्ञानेश्वरीनं वायर टाकली, पुढची घेतली, तीही नीट न बघता पुढं सरकवली. मग ती उठली. पोटात दुखतंय सांगून अर्धी पाळी सोडून निघाली. रस्त्यानं तिनं मनात चारपाच वाक्यं जुळवली, घर येईपर्यंत एकही राहिलं नाही.

श्रीमंत घरी होता, आईच्या हाताची पट्टी बदलायला नर्स येऊन गेली होती. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती.

"आत्या," ज्ञानेश्वरी दारातूनच म्हणाली, "खिडकीमुळं न्हाई झालं. वायर खिडकीनं कापली, पर मला ती तीन आठवड्यांमागंच दिसली हुती. मी टेप लावली तिला."

श्रीमंत म्हणाला, "टेप तर समदेच लावत्यात."

"समद्यांला ठाव नसतं. मला ठाव हुतं." ती दारातून आत आली. "तसली वायर मी रोज फेकून देते. पोरींला रागावते. गरम बी लागली हुती मला. तरी चालवली. आन् दवाखान्यात तुमी सोतावर घेतलं तवा गप बसले."

राहीबाई भिंतीपासून पुढं सरकली.

"तुला ठाव हुतं?"

"व्हय."

"तसल्या वायरीनं मानूस मरतं, ते बी?"

"व्हय, आत्या."

राहीबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं. श्रीमंत उठून बाहेर गेला, टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला, पण गाडी चालू झाली नाही. तो नुसताच आत जाऊन बसला होता.

आठवडाभर राहीबाई तिच्याशी बोलली नाही. ताट दिलं तर जेवायची, कपडे बदलायला हात पुढं करायची, पण शब्द नाही. श्रीमंत बोलत होता, पण कामापुरतं. ज्ञानेश्वरीनं त्या दिवसांत घर उलटंपालटं केलं. दिशाच्या मोबाईलची वायर सापडली, टोकाशी टेप गुंडाळलेली. तिनं ती कात्रीनं दोन तुकडे करून टाकली.

"आई! मोबाईलच्या वायरनं कुणी मरत नाही," दिशा म्हणाली.

"झटका बसत न्हाई. पन उशाखाली घेऊन झोपतेस, तिथं आतल्या आत टेकल्या तारा तर तापंल, गादी जळंल. केसासारख्या तारा असत्यात, नीट जोडता येत न्हाईत. नवीच घ्यायची." हे सगळं ती शांतपणे बोलली आणि मग तिचं तिलाच रडू आलं. दिशा घाबरून तिच्याजवळ येऊन बसली.

रविवारी कृपादानभाऊ आले. बोर्डात झटका बसताच वीज तोडणारं नवं उपकरण बसवलं, त्याचं चाचणीचं बटण दाबून घरातली वीज घालवून दाखवली, ओट्यावर झाकणाचं सॉकेट घेतलं. राहीबाई हे सगळं लांबून बघत होती. ते गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली, ज्ञानेश्वरीकडं न बघता.

"गाय पान्हा चोरायला लागलीय. श्रीमंतच्या हाताला दूध सोडत न्हाई."

दोन्ही गाईंच्या धारा वीस वर्षं राहीबाईनंच काढल्या होत्या. आता तिची मधली दोन बोटं वळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम करा, काही प्रमाणात येतील. किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

ज्ञानेश्वरी पहाटे उठू लागली. पहिल्या दिवशी गाईनं लाथ मारली, चरवी कलंडली. राहीबाई गोठ्याच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आंगठा आत घाल. ओढू नको, दाब. वरून खाली." दुसऱ्या दिवशी पाऊण चरवी निघाली. तिसऱ्या दिवशी राहीबाई जवळ येऊन गाईच्या पाठीवर डावा हात फिरवत उभी राहिली. तू चुकलीस, मी माफ केलं, असं राहीबाई कधीच म्हणाली नाही. ज्ञानेश्वरीनंही विचारलं नाही.

कारखान्यात ती पुन्हा नीट काम करू लागली. पोरींना रागावणं मात्र कमी झालं. एखादीनं विचारलंच, एका तारेनं काय होतं, तर ती आपल्या सासूच्या बोटांचं सांगते, टेप कुणाच्या हातानं लावली तेही सांगते. ऐकून पोरी आपापली वायर पुन्हा बघतात, आणि तिला दिवसभर जड जड वाटत राहतं.

स्कूटर आता ओट्यावरच्या सॉकेटला लागते. वायर फरशीला टेकत नाही, कुठं दबत नाही. दर रविवारी ज्ञानेश्वरी टॉप काढून ती टोकापासून टोकापर्यंत बोटांमधून सरकवते. राहीबाई त्या वेळी आत निघून जाते. ती कुठल्याच वायरीजवळ जात नाही. उन्हाळा कडक आहे, दुपारी घरात घामानं भिजते, पण पंख्याच्या बटणालाही हात लावत नाही. कुणीतरी घरी येईपर्यंत तशीच बसून राहते. ज्ञानेश्वरी कामावरून येते, चपला काढायच्याही आधी बटण दाबते, आणि राहीबाई पदरानं मान पुसत म्हणते, "आलीस का?"